लेकरू रडतंय, रात्र वाटून घेऊ

आम्ही दोघं नवराबायको धाराशिव जिल्ह्यातल्या एका खेड्यातले. आमचं लेकरू तीन आठवड्यांचं झालं आणि दिवेलागणीला रडायला लागलं. सातला सुरू व्हायचं ते अकरापर्यंत. मुठी आवळायचं, पाय पोटाशी घ्यायचं, तोंड लालबुंद. सोयाबीनच्या काढणीचे दिवस, पहाटे रानात जायचं, आणि रात्री डोळ्याला डोळा नाही.

मग भांडणं सुरू झाली. "तू हरभऱ्याची डाळ खाल्लीस, म्हणून पोट दुखतंय." "तुम्ही त्याला नीट धरतच नाही." सासूबाई म्हणायच्या, दूध पुरत नाही, गुटी उगाळून द्या.

पाचव्या आठवड्यात आम्ही त्याला आरोग्य केंद्रात नेलं. जन्माचं वजन दोन किलो आठशे ग्रॅम होतं, आता तीन किलो सातशे भरलं. डॉक्टरांनी विचारलं, दिवसातून लघवी किती वेळा? आम्ही सांगितलं, सात-आठ वेळा. ते म्हणाले, "मग दूध पुरतंय. ताप नाही, उलटी नाही, मधल्या वेळात लेकरू छान असतं. हे तान्ह्या बाळांचं संध्याकाळचं रडणं आहे. साधारण सहाव्या आठवड्यात सगळ्यात जास्त असतं, तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत ओसरतं. यात कुणाची चूक नाही." गुटी, मध, ग्राइप वॉटर यातलं काही द्यायचं नाही, सहा महिने फक्त अंगावरचं दूध, हेही त्यांनी सासूबाईंना समोर बसवून सांगितलं.

चूक कुणाचीच नाही म्हटल्यावर प्रश्न एवढाच उरला, की पुढचे दोन महिने झोप कशी मिळवायची? घरी येऊन आम्ही रात्र वाटून घेतली.

साडेआठला आईनं पाजायचं आणि आतल्या खोलीत जाऊन झोपायचं. रात्री एकपर्यंत लेकरू बाबांकडे. भूक लागली की बाबांनी त्याला आईजवळ आणायचं. पाजून झालं की पुन्हा घेऊन जायचं. ढेकर काढणं, लंगोट बदलणं, खांद्यावर घेऊन अंगणात फिरवणं, सगळं बाबांचं. एक ते सहा आईकडे, तेव्हा बाबांनी झोपायचं. सहा वाजता सासूबाई लेकरू घेतात, म्हणजे आईला आणखी तासभर मिळतो. आठ तासांची झोप कुणालाच मिळाली नाही. पण बाबांना सलग पाच तास मिळाले, आणि आईला मध्ये पाजायला उठूनही तुकड्यातुकड्यानं तेवढे मिळाले. तेवढ्यानंही माणूस माणसात येतो.

पहिल्याच रात्री ही वाटणी मोडली. बाबांकडे लेकरू रडत होतं, आणि आई आतून ओरडली, "असं नाही, आडवं धरा!" बाबा चिडले, लेकरू तिच्या हातात दिलं, दोघंही जागेच. दुसऱ्या दिवशी ठरवलं, ज्याच्याकडे लेकरू, त्यानंच ठरवायचं. दुसऱ्यानं आतून सूचना द्यायच्या नाहीत. आणि लेकरू हातात देताना तीनच गोष्टी बोलायच्या: शेवटचं कधी प्यायलं, लघवी कधी झाली, कशानं शांत झालं. "तुझ्यामुळं" हा शब्द रात्री काढायचा नाही. काही खटकलं तर सकाळी चहा पिताना.

आता एक अवघड गोष्ट सांगतो. एका रात्री बाबांना इतका राग आला, की लेकराला गदगदा हलवावंसं वाटलं. असं वाटणं म्हणजे आपण वाईट माणूस, असं नाही. पण हलवायचं मात्र कधीच नाही. तान्ह्याची मान कच्ची असते, हलवल्यानं मेंदूत रक्तस्राव होतो, जीवही जाऊ शकतो. बाबांनी त्याला जमिनीवरच्या गादीवर उताणं ठेवलं, उशी-गोधडी बाजूला केली आणि दहा मिनिटं अंगणात जाऊन बसले. मग आईला उठवलं. लेकरू सुरक्षित असेल, तर दहा मिनिटं रडल्यानं त्याला काही होत नाही. डुलकी येत असेल तर बसल्या जागी मांडीवर घेऊन राहू नका, तेव्हाही दुसऱ्याला उठवा.

प्रत्येक रडणं मात्र असं नसतं. अंग तापलं, दूध ओढेना, हिरवी उलटी झाली, शी मध्ये रक्त दिसलं, श्वास जोरात चालला, किंवा लेकरू मलूल पडून जागं होईना, तर पाळी कुणाची ते बघत बसू नका, रात्रच असली तरी 108 ला फोन करा. आणि आईला दोन आठवड्यांहून जास्त दिवस सारखं रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल, तर आशाताईंना सांगा. त्यालाही उपचार आहेत.

आमचं लेकरू आता चार महिन्यांचं आहे. दिवेलागणीला दिव्याकडे टक लावून बघत बसतं. हरभऱ्याची डाळ आम्ही पुन्हा खायला लागलोय.