रजेचा अर्ज



गोष्ट २०१७ सालच्या जून महिन्यातली आहे. बावड्यात एका बँकेच्या शाखेत मी कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो होतो. नोकरीला सातच महिने झाले होते. इंदापूरहून सराटीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव, म्हणजे तुकाराम महाराजांच्या पालखीच्या वाटेवरचं. इंदापूरचा मुक्काम उठला की पालखी बावड्यात विसावते, रात्री सराटीला थांबते. दुसऱ्या दिवशी सकाळी नीरेत पादुकांना स्नान घालतात आणि पूल ओलांडून सोहळा अकलूजला, म्हणजे सोलापूर जिल्ह्यात शिरतो.

त्या वर्षी माझी आई पहिल्यांदा वारीला निघाली होती. आमचं गाव वरवंड. पालखी तिथं मुक्कामाला आली आणि आई गावच्या बायकांबरोबर दिंडीत सामील झाली. निघताना एवढंच म्हणाली, "बावड्यातनं जाईन तेव्हा भेट. जमलं तर नीरेपर्यंत चल बरोबर." वडील गेल्यानंतर आईनं माझ्याकडे मागितलेलं हे पहिलंच काही.

पालखी बावड्यात यायची बुधवारी, २८ तारखेला. मला बुधवार आणि गुरुवार असे दोन दिवस हवे होते. एरवी कदाचित सहज मिळाले असते, पण शनिवारी, २४ जूनला सरकारनं दीड लाखापर्यंतच्या पीककर्जाची माफी जाहीर केली. तो चौथा शनिवार, दुसऱ्या दिवशी रविवार आणि सोमवारी रमजान ईद. तीन दिवस बँका बंद. गावागावांत चर्चा पेटलेली आणि आमच्या शाखेचं दार मंगळवारी उघडणार. त्यात ३० जूनची तिमाहीअखेर. अशा मंगळवारी सकाळी मला साहेबांसमोर रजेचा अर्ज ठेवायचा होता.

आमचे मॅनेजरसाहेब कडक होते, पण ते कधी ओरडत नसत. ते अर्ज वाचत, अगदी शब्दन् शब्द. 'अपरिहार्य कारणास्तव' असं कुणी लिहिलं की त्याखाली पेन्सिलीनं रेघ ओढून कागद परत देत आणि विचारत, "कारण काय?" माणसाला तिथंच घाम फुटे.

सोमवारी रात्री जेवण उरकून मी खोलीत कागद घेऊन बसलो. पहिला अर्ज पानभर झाला. 'महोदय, सविनय विनंती की' इथून सुरुवात करून मी आईचे कष्ट लिहिले, वारीचं महत्त्व लिहिलं. मग उभा राहून मोठ्यानं वाचला. कोपऱ्यातल्या खुर्चीवर उशी ठेवली होती, तिलाच साहेब मानलं. वाचताना जाणवलं की पाचव्या ओळीपर्यंत रजा कुठल्या तारखेची, हेच आलेलं नाही.

दुसरा अर्ज खोटा होता. 'आईची प्रकृती बिघडल्याने' असं लिहिलं आणि वाचायला तोंड उघडलं, तर शब्द फुटेना. चालत येणाऱ्या आईला मी कागदावर आजारी पाडत होतो. शिवाय साहेब विचारणार, कुठल्या दवाखान्यात? मग दाखला आणावा लागणार. कागद फाडला.

तिसरा अगदी कोरडा लिहिला. 'घरगुती कामासाठी दोन दिवस किरकोळ रजा मिळावी.' नियमाला धरून होता. पण खुर्चीकडे बघून वाचल्यावर साहेबांचा प्रश्न मलाच ऐकू आला, "कारण काय?"

एव्हाना बारा वाजून गेले होते. शेजारच्या खोलीतून घरमालकीण मावशींनी हाक मारली, "अरं, कुणाशी बोलतुयास इतक्या रातीचं?" मी सांगितलं. त्या दारात येऊन बसल्या. म्हणाल्या, "मला सांग, तू न्हाईस म्हंजी उद्याच्याला त्यास्नी काय अडचण हाय?"

ह्या प्रश्नानं रात्र फिरली. मी तासन् तास माझी अडचण सजवत होतो. साहेबांची अडचण मी एकदाही उच्चारली नव्हती. ती काय, ते मला चांगलं ठाऊक होतं. चौकशीच्या काउंटरवर मी बसतो. बुधवारी तिथं रांग लागणार आणि प्रत्येकजण एकच विचारणार, "माझं कर्ज माफ झालं का?" आणि त्याला देण्यासारखं उत्तर शाखेकडे नव्हतं, कारण घोषणा झाली होती, लेखी आदेश आला नव्हता. कोण पात्र, कुठल्या तारखेची थकबाकी धरायची, हे आदेश आल्याशिवाय कुणी सांगू शकत नव्हतं. मी नसलो तर माझ्या जागी बसणारा सहकारी गोंधळून काहीतरी बोलून जाईल, आणि बँकेच्या माणसानं 'माफ झालं' म्हटलं की शेतकरी त्यावर विसंबून पुढचे व्यवहार ठरवतो. साहेबांना रात्री झोप लागत नसेल, तर ती ह्याच काळजीनं.

मग मी दोन कागद केले. पहिला अर्ज असा होता:

'विषय: दि. २८ व २९ जून रोजी किरकोळ रजा मिळणेबाबत. माझी आई पालखी सोहळ्यात चालत असून तिच्यासोबत बावडा ते सराटी जाण्यासाठी व नीरा स्नानासाठी वरील दोन दिवसांची रजा मिळावी, ही विनंती. माझ्या खात्यावर पाच दिवस रजा शिल्लक आहे. माझे काम सोबतच्या कागदाप्रमाणे सोपवले आहे. मी सराटी येथे असेन व फोनवर उपलब्ध राहीन.'

दुसऱ्या कागदावर काउंटरच्या काचेवर लावायची सूचना लिहिली: 'कर्जमाफीचा शासन आदेश अद्याप शाखेस मिळालेला नाही. आदेश आल्यावर पात्रतेची माहिती येथेच लावली जाईल. तोपर्यंत कोणालाही पैसे अथवा कागदपत्रे देऊ नयेत.' शेवटचं वाक्य मावशींनी सांगितलं. अशा वेळी 'तुमचं काम करून देतो' म्हणत फिरणारे त्यांनी पाहिले होते. सूचनेखाली माझ्या कामाची यादी: कुठलं रजिस्टर कुठं, कुठली व्हाउचरं बाकी, कुणाला काय समजावलं.

आता तालीम बोलण्याची होती. मी दारातून आत यायचो, "साहेब, बुधवार-गुरुवारची रजा हवी होती," एवढंच म्हणायचो आणि कागद पुढे करायचो. पहिल्या खेपेला 'होती'पाशी आवाज चिरकला. दुसऱ्या खेपेला 'जमलं तर' असं तोंडातून निघून गेलं. मावशी म्हणाल्या, "ते काढून टाक. त्यानं माणूस आधीच न्हाई म्हणतंय." पहाटे कोंबडा आरवला तेव्हा ते एक वाक्य सरळ यायला लागलं होतं.

मंगळवारी दार उघडायच्या आधीच बाहेर गर्दी होती. मी वाक्य बोललो. साहेबांनी अर्ज वाचला. पेन्सिल हातात होती. मग त्यांनी दुसरा कागद उचलला आणि तो बराच वेळ वाचत राहिले. रेघ कुठेच ओढली नाही. शिपायाला हाक मारून सूचना काचेवर लावायला दिली. मग माझ्या अर्जावर '२९' खोडून पेनानं लिहिलं, 'दि. २९ अर्धा दिवस', आणि म्हणाले, "स्नान सकाळीच असतं. दोन वाजता काउंटरवर या."

बुधवारी दुपारी आई दिसली, डोक्यावर तुळस, पायांना फडकी बांधलेली. सराटीपर्यंत आम्ही फारसं बोललोच नाही. ती अभंग म्हणत होती आणि मी ऐकत होतो. गुरुवारी पादुकांचं स्नान पाहिलं, पुलाच्या तोंडापर्यंत तिला पोचवलं आणि परतलो.

दोनला काउंटरवर बसलो तेव्हा काचेवर माझा कागद तसाच होता. त्याखाली साहेबांच्या अक्षरात एक ओळ वाढली होती: 'शासन निर्णय दि. २८ जून रोजी निघाला आहे. बँकेच्या सूचना आल्यावर येथे कळवू.'