अजेंडा नसलेल्या मीटिंगला ‘नाही’ कसं म्हणायचं

आजचा भाग कॅलेंडरमध्ये येऊन पडणाऱ्या त्या आमंत्रणाबद्दल आहे, ज्याचं नाव ‘Quick sync’ किंवा ‘Discussion’ असतं, वेळ पूर्ण तासाची असते, माणसं आठ-दहा असतात आणि खाली मजकुराच्या जागी काहीच नसतं. असल्या आमंत्रणाला नाही म्हणायचं आणि त्याऐवजी छोटा कॉल किंवा मेल सुचवायचा, हे कसं करायचं ते आज बघूया.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. अजेंडा नसतो याचं कारण पाठवणारा आळशी आहे, असं दरवेळी नसतं. बऱ्याचदा त्याच्याकडे एखादा प्रश्न असतो, पण उत्तर कोणाकडे आहे हे त्याला माहीत नसतं. मग तो सगळ्यांनाच बोलावतो. तासाची वेळही बहुतेकदा कोणी विचार करून ठेवलेली नसते. एक तास म्हणजे कॅलेंडरमधला एक चौकोन, तेवढंच.

पॉल ग्रॅहमचा 2009 चा ‘मेकर्स शेड्यूल, मॅनेजर्स शेड्यूल’ हा निबंध तुमच्यापैकी अनेकांनी वाचला असेल. त्यातला मुद्दा इथे लागू पडतो. मॅनेजरचा दिवस तासातासाचा असतो, म्हणून चार वाजताची मीटिंग त्याला एका तासाला पडते. कोड लिहिणाऱ्याचा दिवस अर्ध्या-अर्ध्या दिवसाचा असतो. चारच्या मीटिंगमुळे त्याची अख्खी दुपार तुटते, कारण तीन वाजता कोणी नवीन अवघड काम हातात घेत नाही. पाठवणाऱ्याला हा खर्च दिसत नाही. त्यामुळे ‘माझा वेळ जातो’ अशी तक्रार केली की त्याला ती नखरे वाटते. म्हणून नकाराची सुरुवात आपल्या वेळेपासून करायची नाही, त्याच्या प्रश्नापासून करायची.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ, आमच्याच टीममधलं. सोमवारी सकाळी आमच्या प्रॉडक्ट मॅनेजरकडून आमंत्रण आलं. नाव ‘Refund sync’, बुधवार, चार ते पाच, नऊ माणसं. मजकूर रिकामा. त्या माझ्यापेक्षा बऱ्याच सीनियर आहेत.

अशा वेळी हात सरळ Decline वर जातो. तिथे थांबायचं. आउटलुकच्या जुन्या डेस्कटॉप आवृत्तीत Decline दाबलं की तीन पर्याय येतात: Edit the Response before Sending, Send the Response Now आणि Do Not Send a Response. दुसरा निवडला तर समोरच्याला फक्त ‘अमुकने नाकारलं’ एवढंच कळतं, कारण कळत नाही. तिसरा निवडला तर काहीच कळत नाही. मीटिंग तुमच्या कॅलेंडरमधून जाते आणि बुधवारी चार वाजता आठ जण तुमची वाट बघत बसतात. म्हणून मी आधी Tentative दाबलं आणि चॅटवर फक्त प्रॉडक्ट मॅनेजरना निरोप पाठवला. नऊ जणांच्या धाग्यावर नाही. सगळ्यांसमोर ‘अजेंडा काय?’ विचारलं की तो प्रश्न राहत नाही, टोमणा होतो.

मूळ निरोप इंग्रजीत होता, मराठीत असा:

‘बुधवारच्या रिफंडच्या मीटिंगचं आमंत्रण मिळालं. त्यातून आपल्याला नेमकं काय ठरवायचं किंवा समजून घ्यायचं आहे? रिफंड अडकण्याच्या बगची माहिती हवी असेल तर मी आज सहापर्यंत लिहून सगळ्यांना पाठवतो. काही ठरवायचं असेल तर उद्या साडेअकराला पंधरा मिनिटं बोलू शकतो, ज्यांनी ठरवायचं आहे तेवढेच. यापलीकडे काही असेल तर बुधवारी येतोच.’

यात ‘नाही’ हा शब्द नाही. एक प्रश्न आहे, दोन पर्याय आहेत, प्रत्येकाला वेळ आहे आणि काम माझ्या अंगावर आहे. हे महत्त्वाचं. ‘याचा मेल होऊ शकला असता’ म्हणायचं आणि मेल त्यांनीच लिहायचा अशी अपेक्षा ठेवायची, हे चालत नाही. मेल सुचवला तर तो आपण लिहायचा.

दहा मिनिटांत उत्तर आलं. त्यात दोन गोष्टी होत्या. एक, ज्या ग्राहकांचा रिफंड ‘pending’ दिसतोय त्यांना काय सांगायचं, हे सपोर्टची माणसं विचारत होती. दोन, त्या बगची दुरुस्ती शुक्रवारच्या रिलीजमध्ये घ्यायची की नाही.

बघा, एका रिकाम्या आमंत्रणात दोन वेगळ्या जातीचे प्रश्न होते. पहिल्याला उत्तर आहे आणि ते एकाच माणसाकडे आहे. असं असेल तर मेल. दुसऱ्यात निवड करायची आहे आणि त्यात दोन बाजू आहेत. असं असेल तर बोलणं, पण ज्यांच्या हातात निवड आहे त्यांनीच. आमंत्रणाची चाळणी करायला एवढा फरक पुरतो.

पहिल्या प्रश्नाचा मेल मी सहापर्यंत थांबलो नाही, तासाभरात लिहिला. कारण प्रश्न वाचल्यावर लक्षात आलं की हे तापलेलं आहे. आमची सिस्टिम पेमेंट गेटवेकडे रिफंडची विनंती पाठवायची, उत्तर वेळेत आलं नाही की रिफंड ‘pending’ दाखवायची. पण उत्तर आलं नाही याचा अर्थ पैसे गेले नाहीत असा नसतो. बऱ्याच वेळा गेटवेने पैसे पाठवलेले असायचे. आता सपोर्टच्या माणसाने ग्राहकाच्या दबावाखाली रिफंडचं बटण परत दाबलं, तर आमचा कोड ती नवीन विनंती म्हणून पाठवत होता आणि पैसे दोनदा जाऊ शकत होते. दुरुस्ती नेमकी हीच होती: दोन्ही वेळा एकच ओळख-क्रमांक पाठवायचा, म्हणजे गेटवेला ती जुनीच विनंती आहे हे कळतं.

मेल चार ओळींचा होता. गेटवेच्या डॅशबोर्डवर त्या ऑर्डरचा रिफंड नंबर शोधा. सापडला तर पैसे निघालेले आहेत, तो नंबर ग्राहकाला द्या. सापडला नाही तर बटण परत दाबू नका, ऑर्डर नंबर मला पाठवा. दुरुस्ती कधी जाणार ते उद्या दुपारपर्यंत कळवतो.

आता ही गोष्ट वेळ वाचवण्यापेक्षा मोठी आहे. ‘बटण परत दाबू नका’ हे वाक्य सोमवारी पोचलं. मीटिंगला मान डोलावून गप्प बसलो असतो तर ते बुधवारी संध्याकाळी पोचलं असतं, आणि मधले दोन दिवस सपोर्टच्या टेबलावर ते बटण तसंच उघडं राहिलं असतं. अजेंडा नसलेल्या मीटिंगचा खरा तोटा हा आहे. घाईचा प्रश्न तिच्या पोटात बंद होतो आणि मीटिंगच्या वेळेपर्यंत कोणाला दिसत नाही.

दुसऱ्या प्रश्नासाठी मंगळवारी साडेअकराला आम्ही तिघं बोललो. प्रॉडक्ट मॅनेजर, टेस्टिंगची लीड आणि मी. टेस्टिंगचं म्हणणं, पैशाचा कोड आहे, शुक्रवारी टाकून शनिवार-रविवार बिघडला तर बघायला कोणी नाही. प्रॉडक्टचं म्हणणं, तोपर्यंत ग्राहक थांबतात. ठरलं असं की सोमवारी सकाळी टाकायचं, तोवर सपोर्टने मेलमधली पद्धत वापरायची. चौदा मिनिटं लागली. कॉल संपल्यावर लगेच मी नऊ जणांना दोन ओळींचा निकाल पाठवला आणि बुधवारची मीटिंग प्रॉडक्ट मॅनेजरनी स्वतःच रद्द केली. मला Decline दाबायची वेळच आली नाही.

हिशोब सांगतो, पण प्रामाणिक. मीटिंग झाली असती तर नऊ माणसांचा एक-एक तास, म्हणजे 540 मिनिटं. झालं काय? तिघांचा कॉल, 42 मिनिटं. माझं लिहिणं अर्धा तास. वाचायला प्रत्येकाची दोन-तीन मिनिटं. एकूण शंभरच्या आसपास. पण लक्षात घ्या, माझा स्वतःचा वेळ फारसा वाचला नाही, तासाऐवजी पाऊण तास गेला. वाचला तो बाकीच्यांचा. स्वतःचा वेळ वाचवायला म्हणून हे कराल तर निराश व्हाल.

आता हे कुठे फसतं. एक, मेलचं लोणचं होतं. उत्तरावर प्रश्न, त्यावर उत्तर, मध्येच तिसरा माणूस. माझा नियम असा: तिसऱ्या उत्तरातही नवीनच प्रश्न निघाला तर लिहिणं थांबवायचं आणि फोन करायचा. तो विषय मेलचा नव्हता, आपला अंदाज चुकला, संपलं.

दोन, आपण गेलो नाही आणि मीटिंग झाली. मग तिथे जे ठरेल ते आपल्याला मान्य करावं लागतं. ‘मी नव्हतो, मला विचारलं नाही’ हे नंतर बोलता येत नाही. म्हणून नकार देण्याआधी स्वतःला विचारा, यात असा कोणता निर्णय होऊ शकतो का जो मला पुढे सहा महिने सांभाळावा लागेल? हो असेल तर जा, अजेंडा असो वा नसो.

तीन, काही आमंत्रणांना ही पद्धत लावूच नये. सिस्टिम बंद पडली आहे आणि कोणी कॉल उघडलाय, तर अजेंडा विचारायचा नाही, शिरायचं. मॅनेजरने एकट्याला बोलावलं असेल तर बोलणं खासगी असू शकतं, जायचं. क्लायंटचं आमंत्रण असेल तर त्यांना परस्पर काही लिहायचं नाही, आपल्या लीडला विचारायचं: ‘यात माझ्याकडून काय हवंय?’ आणि तुम्ही नोकरीला लागून सहाच महिने झाले असतील, तर सुरुवातीला सगळाच निरोप लीडमार्फत जाऊ द्या. नव्या माणसाचा ‘ठरवायचं काय आहे’ हा साधा प्रश्नही उद्धट ऐकू येतो. ते बरोबर नाही, पण तसं आहे.

आणि शेवटचं, दर आठवड्याच्या मीटिंगचं. गुगल कॅलेंडरमध्ये नकार देताना ते विचारतं: This event, This and following events, की All events. घाईत All events निवडलं की पुढच्या सगळ्या तारखा जातात. एका आठवड्याला काही विषय नसेल तर This event निवडा आणि सोबतच्या टिपेत एक ओळ लिहा: ‘या आठवड्यात माझ्याकडून सांगण्यासारखं काही नाही, काही ठरलं तर दोन ओळी पाठवा.’ सलग तीन-चार आठवडे हीच ओळ लिहावी लागली, तर मीटिंग बोलावणाऱ्याशी एकदा पाच मिनिटं बोला, ही पंधरवड्याची करूया का म्हणून.

तुमच्या कॅलेंडरमध्ये या आठवड्यात असं एखादं रिकामं आमंत्रण असेलच. त्यातल्या एकाला हा निरोप पाठवून बघा, आणि काय उत्तर आलं ते कळवा. भेटू पुढच्या भागात.