दुपारचे बारा ते तीन

महाराष्ट्र शासनाच्या सेवेतील बहुतेक कर्मचारी वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त होतात. सेवापुस्तक पुरे होते, निवृत्तिवेतनाचा आदेश हाती पडतो, हारतुऱ्यांचा समारंभ यथासांग पार पडतो. परंतु त्याच दिवशी घरातील गृहिणीच्या हातून जे एक निसटते, त्याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. ते म्हणजे तिची दुपार.

बारामती आणि इंदापूरचेच उदाहरण घ्या: हे तालुके नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर वाढले. येथील शेतकरी सहसा निवृत्त होत नाही. कारभार मुलाच्या हाती गेला तरी म्हातारा सकाळी बांधावर फेरी मारतो, ऊन चढले की पारावर नाहीतर देवळाच्या ओट्यावर टेकतो, आणि दिवसा घर बायकांचे राहते. पाटबंधारे खात्यातील, शाळेतील वा साखर कारखान्यातील पगारदार मनुष्याला मात्र असा पार उरलेला नसतो. हयातभराच्या शिलकीतून प्लॉट घेऊन बांधलेल्या घरात तो येऊन बसतो, आणि नोव्हेंबरात हयातीसाठी सही करण्यापलीकडे त्याची वाट पाहणारी कचेरी कोठेही नसते.

माझ्या परिचयातील एक कालवा निरीक्षक असेच निवृत्त झाले. ते सकाळी डबा घेऊन कालव्यावर निघाले की त्यांच्या पत्नीचा स्वतःचा दिवस सुरू होई: बाराच्या सुमारास रेडिओ लावून शिवणयंत्रावर बसणे, शेजारणींची भिशी, तीनला भजनी मंडळ. निवृत्तीनंतर पहिल्याच महिन्यात निरीक्षकांनी फडताळातील डबे नव्याने लावले. "अहो, डाळींचे डबे हलवू नका, अंधारातही माझा हात त्यावर जायला हवा," असे बाई म्हणाल्या, तेव्हा ते निरीक्षकांच्या मनाला लागले. कारण मदत करावी, हाच त्यांचा शुद्ध हेतू होता. मग प्रत्येक वेळी उंबरठ्यावर विचारणा होऊ लागली, "कुठं निघालीस? यायला किती वेळ?" बैठकीच्या दाराशी त्यांच्या चपला दिसल्या की शेजारणी परत फिरत. भिशी दुसऱ्या घरी गेली, शिवणयंत्रावर चादर पडली, आणि बाईंना रात्रीची झोप लागेनाशी झाली.

ही केवळ आपल्याकडील गोष्ट नव्हे. निवृत्त पती दिवसभर घरी असल्याने पत्नीला होणारे निद्रानाशासारखे विकार जपानमधील डॉ. नोबुओ कुरोकावा यांनी १९९१ साली वैद्यकीय जगापुढे मांडले. मात्र अशा त्रासाचे कारण प्रेमाचा अभाव, असे समजणे घोर अन्यायाचे होईल. या दांपत्यात प्रेम होते. नाहीसा झाला होता तो दोघांच्या वेळेमधला बांध. निरीक्षकांचा अधिकार कचेरीत संपला, आणि त्यांच्या नकळत तो स्वयंपाकघरात चालू लागला.

तोडगा त्यांच्या कामातूनच निघाला. नीरेच्या कालव्यावर ज्या शेजपाळीने पाणी वाटले जाते, तिचे मर्म एवढेच की कोणाची पाळी कधी, हे आधी ठरते आणि सर्वांना ठाऊक असते. पाण्याची टंचाई असली तरी तंटा त्यामुळे कमी होतो. पत्नीने मागणी मांडली आणि दोघांनी बसून वेळ वाटून घेतला. दुपारी बारा ते तीन बैठक तिची, शेजारणींसह. त्या वेळात निरीक्षक वाचनालयात जातात किंवा मागच्या खोलीत वाचीत पडतात. दुपारचा चहा स्वतःचा स्वतः करतात. दळण, बँक आणि विजेचे बिल ही कामे संपूर्णपणे त्यांच्याकडे, त्यांत पत्नीने सूचना करायची नाही. फडताळ संपूर्णपणे तिचे, त्यात त्यांनी करायची नाही. येथे 'संपूर्णपणे' हा शब्द महत्त्वाचा, कारण अर्धे सोपवलेले काम दोघांनाही टोचत राहते. पहिले काही आठवडे घड्याळाकडे पाहण्यात गेले. पुढे भिशी पुन्हा त्यांच्या घरी भरू लागली.

हा उपाय सर्वत्र लागू पडत नाही. घर एका खोलीचे असेल तर पतीने रोज ठराविक वेळी बाहेर पडण्यावाचून गत्यंतर नाही. तो दिवसच्या दिवस अंथरुणावरून उठत नसेल, बोलत नसेल, किंवा पत्नीची झोप अनेक आठवडे उडाली असेल, तर वेळापत्रकाची नव्हे, डॉक्टरांची गरज आहे.

म्हणून ज्यांच्या निवृत्तीला वर्ष-सहा महिने उरले आहेत, त्या श्रोत्यांना माझी विनंती आहे: निवृत्तिवेतनाचे कागद जुळवताना एका संध्याकाळी पत्नीला तिची दुपार कशी जाते, हे विचारा आणि मध्ये न बोलता ऐकून घ्या; ती दुपार तिचीच राहील, असा शब्द निवृत्त होण्यापूर्वीच तिला द्या.