पडून राहिलेल्या पैशाचे व्याज



काटोल-नरखेडच्या बाजूचा एखादा संत्रा-बागायतदार आंबिया बहाराचा माल नागपूरच्या कळमना बाजारात विकून एकरकमी पैसे बचत खात्यात जमा करतो आणि पुढे वर्षभर गरजेप्रमाणे ते काढीत राहतो. अशा खात्यावर व्याजाचा हिशेब नेमका कसा होतो, आणि त्यातील रिकामी पडलेली रक्कम स्वयंचलित रीतीने मुदत ठेवीत वळविली तर पदरात काय अधिक पडते, एवढाच विषय मी आज आपल्यापुढे मांडणार आहे.

३१ मार्च २०१० पर्यंत बचत खात्याचे व्याज महिन्याच्या १० तारखेपासून अखेरच्या तारखेपर्यंत खात्यात जी कमीत कमी शिल्लक असेल तिच्यावर मिळत असे. ११ डिसेंबरला ५ लाख रुपये भरणाऱ्या बागायतदाराला त्या महिन्याचे त्यावर एक पैसाही व्याज नसे, आणि तेव्हाच्या साडेतीन टक्के दराने एकवीस दिवसांचे सुमारे १,००० रुपये त्याच्या हातचे जात. रिझर्व्ह बँकेच्या हुकुमाने १ एप्रिल २०१० पासून दररोजच्या शिल्लकेवर व्याज आकारण्याची पद्धत अंमलात आली, आणि माझ्या मते सामान्य खातेदाराच्या हिताची याहून न्याय्य सुधारणा त्या काळात क्वचितच झाली असेल. पुढे २५ ऑक्टोबर २०११ पासून बचत खात्याचा दर ठरविण्याची मोकळीक बँकांना मिळाली, म्हणून आज सर्वत्र एकच दर आढळत नाही.

आता एक उदाहरण सावकाश सोडवून पाहू. १ डिसेंबरला खात्यात ५ लाख रुपये आले आणि १२० दिवस तसेच राहिले. ३१ मार्चला उन्हाळी ओलिताच्या तजविजीसाठी दीड लाख काढले, उरलेले साडेतीन लाख १०५ दिवस राहिले. १४ जुलैला खते, फवारणी आणि मुलांच्या शिक्षणापोटी २ लाख गेले, आणि बाकीचे दीड लाख ३० नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे १४० दिवस, शिल्लक होते. प्रत्येक शिल्लकेला तिच्या दिवसांनी गुणून बेरीज केली तर ११ कोटी ७७ लाख ५० हजार येते. तिला ३६५ ने भागले असता वर्षाची सरासरी शिल्लक सुमारे ३,२२,६०३ रुपये निघते. दर अडीच टक्के धरला, तर वर्षाचे व्याज ८,०६५ रुपये होते. तिमाहीला जमा होणाऱ्या व्याजावरचे व्याज मी सोयीसाठी सोडून दिले आहे.

हेच खाते ऑटो स्वीपचे असते आणि ५० हजारांवरची रक्कम आपोआप वर्षाच्या ठेवीत गेली असती, तर साडेचार लाख सव्वासहा टक्क्यांनी गुंतले असते. धनादेश आला की बँक तेवढाच तुकडा मोडून तो वटविते. मात्र मोडलेल्या तुकड्याला ठरलेला दर मिळत नाही, तर तो जितके दिवस राहिला तितक्या मुदतीचा दर, तोही सामान्यतः अर्धा वा एक टक्का दंड वजा करून, मिळतो. १२० दिवसांनी मोडलेल्या दीड लाखाला ४ टक्के धरले तर १,९७३ रुपये, २२५ दिवसांनी मोडलेल्या २ लाखांना सव्वापाच टक्क्यांनी ६,४७३, अखेरपर्यंत राहिलेल्या १ लाखाला ६,२५०, आणि बचतीत राहिलेल्या ५० हजारांना १,२५०, असे एकूण १५,९४६ रुपये येतात. बचतीच्या तुलनेत हा लाभ ७,८८१ रुपयांचा आहे. हे दर मी उदाहरणापुरते कल्पिले आहेत. श्रोत्यांनी आपल्या बँकेचे घालून पाहावेत.

हा लाभ बागायतदाराचा आहे, कारण त्याचा पैसा महिनोन्‌महिने स्वस्थ बसतो. पहिल्या तारखेला पगार येऊन वीस तारखेपर्यंत संपतो अशा नोकरदाराचा तुकडा अल्प मुदतीच्या दरातून दंड जाता बचतीच्या दराजवळच येऊन ठेपतो, आणि सात दिवसांच्या आत मोडला तर त्याला बहुधा काहीच मिळत नाही. आपल्या खात्यात असे घडते की नाही, हे उताऱ्यावरून कळते: ठेव मोडल्याच्या नोंदी दर महिन्याला दिसत असतील, तर स्वीपची मर्यादा वाढवून घ्यावी.

माल टप्प्याटप्प्याने विकून अनेक ठेवी झाल्या असतील, तर आधी कोणती मोडायची, शेवटची की पहिली, हे बँकेला विचारून घ्यावे. शेवटची आधी मोडली तर जुन्या ठेवींचा दर शाबूत राहतो. शिवाय संत्र्याचे उत्पन्न शेतीचे असले तरी त्यावरचे व्याज शेतीचे उत्पन्न नव्हे, आणि आयकराच्या जुन्या प्रणालीत साठ वर्षांखालील व्यक्तीला बचतीच्या व्याजावर मिळणारी १०,००० रुपयांपर्यंतची वजावट ठेवीच्या व्याजाला लागू नाही. २० टक्के कराच्या टप्प्यात असलेल्या माणसाने हाच हिशेब मांडला, तर ठेवींच्या १४,६९६ रुपयांतून उपकरासह सुमारे ३,०५७ रुपये सरकारजमा होतील आणि लाभ ४,८२४ रुपयांवर येईल.