छायाचित्रातील कोष्टक आणि चार गेटांचे मंडल



आज आम्ही आपल्यापुढे एक लहानसे उदाहरण सोडवून दाखविणार आहोत. फळ्यावरील सत्यता-कोष्टकाचे छायाचित्र फोनवर आले आहे, त्यातून समीकरण काढावयाचे आहे, ते संक्षिप्त करावयाचे आहे आणि गेटांचे मंडल रेखाटावयाचे आहे. संक्षेपाची रीत पाठ्यपुस्तकात असते. परंतु छायाचित्रात जे दिसत नाही त्याचे काय करावयाचे, हा प्रश्न पुस्तकात सहसा येत नाही, आणि सारे उत्तर तर त्यावरच अवलंबून असते.

घड्याळात किंवा वजनकाट्यावर सात प्रकाशपट्ट्यांनी बनलेला अंक आपण सर्वांनी पाहिला आहे. वरच्या पट्टीपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जात त्या पट्ट्यांना a, b, c, d, e, f अशी नावे देतात, आणि मधल्या आडव्या पट्टीला g म्हणतात. म्हणजे e ही डावीकडील खालची पट्टी. अंक आत येतो तो A, B, C, D या चार तारांवरून. आमच्या कोष्टकात त्यांची वजने अनुक्रमे ८, ४, २ आणि १ अशी आहेत. e केव्हा पेटावी, एवढेच आपणास ठरवावयाचे आहे.

छायाचित्र हाती येताच प्रथम मथळा पाहावा. तो कापला गेला असेल तर स्तंभांची लय पाहावी. ज्या स्तंभात ०, १, ०, १ असे ओळीओळीला बदलते, तो १ वजनाचा. ज्यात दोन-दोन ओळींनी बदलते तो २ चा, आणि पुढेही तसेच. केवळ अक्षरांवर विसंबू नये. हेच काम करणाऱ्या ७४४७ या प्रसिद्ध चिपमध्ये A ही तार सर्वांत कमी वजनाची आहे आणि D सर्वांत जास्त, म्हणजे आमच्या कोष्टकाच्या नेमके उलट. अक्षरे तीच आणि अर्थ मात्र उलटा, अशी फसगत येथे सहज होते.

आता e चा स्तंभ वाचू. ०, २, ६ आणि ८ या ओळींत १ आहे. १, ३, ५, ७ आणि ९ या ओळींत ० आहे. १० ते १५ या सहा ओळींत X लिहिले आहे. आणि ४ च्या ओळीवर दिव्याची तिरीप पडून अक्षर पांढऱ्या डागात बुडाले आहे.

X आणि डाग यांतील भेद येथे नीट ध्यानी घ्यावा. X म्हणजे ‘काहीही चालेल’. कोष्टक लिहिणाऱ्याने जाणूनबुजून दिलेली ती मोकळीक आहे, कारण एका अंकाच्या तारांवर १० ते १५ कधी यावयाचेच नाहीत. डाग ही कोणी दिलेली मोकळीक नव्हे. तेथे ० किंवा १ निश्चित लिहिलेला आहे, फक्त तो आपणास दिसत नाही. म्हणून तेथे X न लिहिता प्रश्नचिन्ह लिहावे.

हे सारे आता कार्नोच्या नकाशावर मांडू. मॉरिस कार्नो यांनी बेल प्रयोगशाळेत असताना १९५३ साली ही मांडणी प्रसिद्ध केली. तिचे मर्म एवढेच, की शेजारच्या दोन घरांत एकाच तारेचा फरक असावा. म्हणून स्तंभ 00, 01, 11, 10 असे लिहितात. कोष्टकाच्या सवयीने 10 आधी आणि 11 नंतर लिहिले की शेजार मोडतो आणि पुढचे गट खोटे पडतात.

```
      CD
AB    00  01  11  10
00     1   0   0   1
01     ?   0   0   1
11     X   X   X   X
10     1   0   X   X
```

प्रश्नचिन्हाला कोणी X मानले तर काय होते पाहा. पहिला आणि शेवटचा स्तंभ मिळून आठ घरांचा मोठा गट होतो, कारण नकाशाच्या दोन्ही कडा एकमेकींना चिकटलेल्या समजावयाच्या असतात. उत्तर येते `e = D'`. अक्षराच्या शिरावरील खूण म्हणजे त्या तारेचा उलटा भाव. एक नॉट गेट, आणि काम संपले! उत्तर इतके सुटसुटीत, की ते खरेच वाटावे. पण मंडल जोडून ४ चा अंक द्या. ४ साठी b, c, f, g या पट्ट्या पेटतात, त्यात आता e चीही भर पडते, आणि समोर चाराऐवजी इंग्रजी H उभा राहतो.

मग डागाखालचे अक्षर कसे ओळखावे? तर्काने नव्हे, तर कोष्टक ज्या वस्तूचे आहे त्या वस्तूकडे पाहून. ४ चे चित्र काढा. डावी खालची पट्टी त्यात नाही. म्हणून तेथे ० लिहावयाचा. ज्या कोष्टकामागे असे चित्र नसेल, तेथे दुसरे छायाचित्र मागवावे किंवा लिहिणाऱ्याला विचारावे. अंदाजाने भरू नये.

आता गट पुन्हा पाडू. नकाशाचे चार कोपरे म्हणजे ०, २, ८ आणि १०. यांत B आणि D दोन्ही ० आहेत, म्हणून पद `B'D'`. शेवटचा उभा स्तंभ म्हणजे २, ६, १४ आणि १०. यांत C हा १ आणि D हा ०, म्हणून पद `CD'`. सर्व १ झाकले गेले.

```
e = B'D' + CD'
  = D'(B' + C)
```

पहिल्या रूपात दोन नॉट, दोन अँड आणि एक ऑर अशी पाच गेटे लागतात. `D'` बाहेर काढल्यावर चारच पुरतात. रेखाटन असे करावे: B ची तार एका नॉट गेटातून न्यावी. तिचे टोक आणि C ची तार ऑर गेटाला द्यावी. D दुसऱ्या नॉट गेटातून नेऊन, ती आणि ऑर गेटाची निघती तार अँड गेटाला द्यावी. अँड गेटातून निघते ती e. A ची तार कोठेच लागत नाही.

पडताळा घेताना केवळ १ च्या ओळी पाहू नयेत, दहाही अंक चालवून पाहावेत. विषम अंकांत D हा १ असतो, म्हणून e विझलेली. सम अंकांत D हा ०, म्हणून कंसाकडे पाहावयाचे. कंस खोटा ठरतो तो B हा १ आणि C हा ० असतानाच, आणि दहा अंकांतील असा सम अंक एकच, तो म्हणजे ४. तेव्हा समीकरण साध्या मराठीत एवढेच सांगते, की चार सोडून बाकीच्या सम अंकांना ही पट्टी पेटते. ज्या ओळीवर डाग पडला होता, तीच ओळ वगळण्यासाठी तीन गेटे खर्च झाली आहेत!

शेवटी X च्या मर्यादेबद्दल. याच पट्ट्यांवर कोणी १० ते १५ साठी A, b, C, d, E, F ही अक्षरे दाखवू म्हणेल, तर ती मोकळीक संपली. त्या सहाही अक्षरांना e लागते. आपले मंडल १० आणि १४ ला ती पेटवील, परंतु ११, १२, १३ आणि १५ ला विझवील. तेव्हा नवे कोष्टक मांडून, नकाशावर X च्या जागी १ लिहून, समीकरण पुन्हा काढावे लागेल:

```
e = B'D' + CD' + AC + AB
```

X कोणी आणि कशाच्या भरवशावर लिहिला, हे मंडलाच्या चित्राखाली एका ओळीत नमूद करावे, म्हणजे पुढे ते वापरणाऱ्याला ही मोकळीक कोठवर आहे ते कळेल.