बेरीज फोडून लिहिलेले पत्र



या भाषणात मी एकाच कामाविषयी बोलणार आहे. निबंध तपासून झाल्यावर, रुब्रिकवरचे गुण समोर ठेवून विद्यार्थ्याला जे पत्र लिहायचे, ते कसे लिहावे?

२०१० पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि त्याबरोबर वर्णनात्मक नोंदी आल्या. हेतू चांगला होता. पण पटावर साठ मुले असली की नोंदी तयार पुस्तिकेतून उतरू लागतात. ‘लेखनात सुधारणा हवी’, ‘अधिक सराव करावा’. मुलाने या नोंदी वाचल्या तरी उद्या सकाळी वही उघडून नेमके काय करायचे, हे त्याला कळत नाही. ती नोंद शेजारच्या बाकावरच्या मुलालाही चालते, आणि तिचा निरुपयोग ओळखण्याची हीच खूण आहे.

आता एक उदाहरण घेऊ. आठवीचा वर्ग, निबंधाचा विषय ‘प्लास्टिकबंदी यशस्वी का होत नाही?’ रुब्रिकमध्ये पाच निकष आहेत: विचार, दाखले, मांडणी, भाषा आणि शुद्धलेखन. प्रत्येकाला चार गुण, एकूण वीस. एका मुलीला ११ मिळाले आणि एका मुलालाही ११. गुणपत्रकावर दोघे सारखेच. बेरीज फोडून पाहा. मुलीला विचार ३, दाखले ३, मांडणी १, भाषा ३, शुद्धलेखन १. मुलाला विचार १, दाखले १, मांडणी ३, भाषा ३, शुद्धलेखन ३. मुलीकडे सांगण्यासारखे पुष्कळ आहे, ते कुठे ठेवायचे हे तिला उमगलेले नाही. मुलाचे लेखन नीटनेटके आहे, पण त्यात त्याचे स्वतःचे काही आलेले नाही. या दोघांना एकच शेरा देणे म्हणजे दोघांपैकी कोणालाच काही न सांगणे.

मुलीचे पत्र लिहू. मांडणीत १ आहे एवढ्यावर लेखणी उचलायची नाही. आधी उत्तरपत्रिकेकडे परत जायचे. मांडणी दोन कारणांनी ढासळते. वेळ संपला तर शेवटचा भाग आक्रसतो, अक्षर धावू लागते. आराखडाच नसेल तर गोंधळ पहिल्या ओळीपासून असतो. हिचे अक्षर शेवटपर्यंत स्थिर आहे, पण पहिल्याच परिच्छेदात तीन मुद्दे एकमेकांत गुंतले आहेत. म्हणजे तिला वेग वाढवायला सांगून उपयोग नाही, आराखडा शिकवायला हवा.

पुढची पायरी कोणती, हे रुब्रिकच सांगते. मांडणीच्या पहिल्या स्तराचे वर्णन आहे ‘मुद्दे आहेत, क्रम नाही’. दुसऱ्याचे ‘मुद्द्यांना क्रम आहे’. तिसऱ्याचे ‘एका परिच्छेदात एक मुद्दा’. चौथ्याचे ‘परिच्छेद एकमेकांत सांधलेले’. पहिल्या स्तरावरच्या मुलीकडून आपण सवयीने चौथा स्तर मागतो आणि ‘निबंध एकसंध हवा’ असे लिहितो. तिला आज फक्त क्रम लावायचा आहे. परिच्छेद आणि सांधणी नंतर. मग पत्र असे होईल:

‘तुझा निबंध दोनदा वाचला. पिशवी दिली नाही तर गिऱ्हाईक शेजारच्या गाडीवर जाते, हे भाजीवाल्या मावशींचे बोलणे तू त्यात आणलेस. बंदी असूनही पिशवी का सुटत नाही, याचे उत्तर त्या एका वाक्यात आहे, आणि ते तू स्वतः विचारून मिळवलेस. पण तुंबलेली गटारे आणि गाईच्या पोटातले प्लास्टिक यांच्या मध्ये ते हरवले आहे. हाच निबंध पुन्हा लिही. लिहिण्याआधी पाच मिनिटे मुद्दे एकेका ओळीत मांड आणि त्यांना क्रमांक दे. तुझे मुद्दे तीन आहेत: त्रास काय होतो, बंदी का पाळली जात नाही, काय करता येईल. ते याच क्रमाने लिही. दुसऱ्या मुद्द्याची सुरुवात मावशींच्या बोलण्याने कर.

शुद्धलेखनाच्या १४ चुका आहेत, पण त्यांतल्या ९ एकाच प्रकारच्या आहेत. तू ‘जमीनीत’, ‘गरीबांना’, ‘बहीणीने’ असे लिहिले आहेस. जमीन, गरीब, बहीण यांतला ‘ई’ दीर्घ आहे, पण पुढे प्रत्यय लागला की तो ऱ्हस्व होतो: जमिनीत, गरिबांना, बहिणीने. त्या ९ शब्दांखाली रेघ मारली आहे. ते तूच दुरुस्त कर. शुक्रवारच्या तासाला नवा निबंध आण. त्यात मी मुद्द्यांचा क्रम आणि हे शब्द एवढेच पाहीन.’

या पत्रातली स्तुती नेमक्या एका वाक्याची आहे, म्हणून मुलगी तिच्यावर विश्वास ठेवील. उरलेल्या पाच चुकांचा उल्लेख नाही. ‘शरीराला’सारख्या तत्सम शब्दांत दीर्घ ई तसाच राहतो, हा अपवादही मी मुद्दाम गाळला, कारण नियम हाती बसण्याआधी अपवाद सांगितला की नियमही निसटतो. भाषेच्या ३ गुणांविषयी पत्रात अवाक्षर नाही, कारण तिथे आज काही करायचे नाही. मुलाचे पत्र याहून अगदी निराळे होईल. त्याला लेखन सोडून आधी दोन माणसांना प्रश्न विचारून यायला सांगावे लागेल.

इथे एक मर्यादाही ध्यानात ठेवू. रुब्रिकवरचा २ आणि ३ यांतला फरक पक्का नसतो. तोच निबंध दुसऱ्या शिक्षकाने तपासला तर एखादा स्तर सहज बदलतो. म्हणून पत्र एका स्तराच्या फरकावर उभे करू नये. १ आणि ३ इतके अंतर दिसले, आणि मागच्या वहीतही तेच आढळले, तरच त्यावर बोलावे.

आता गुण कधी द्यायचे? इस्रायलमधील संशोधक रूथ बटलर यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांचे तीन गट होते. एकाला नुसते गुण, दुसऱ्याला नुसता लेखी अभिप्राय, तिसऱ्याला दोन्ही. पुढच्या कामात नुसता अभिप्राय मिळालेला गट सरस ठरला. दोन्ही मिळालेल्या गटाला अभिप्रायाचा लाभ फारसा झालाच नाही. आपल्या वर्गातही हे रोज दिसते: पेपर हाती पडला की मुले आकडा पाहतात, शेजाऱ्याचा विचारतात आणि पेपर दप्तरात जातो. म्हणून सोमवारी पत्र द्यावे, शुक्रवारी नवा निबंध घ्यावा आणि मगच गुण सांगावेत. पत्रकातले गुण तेच राहतात, फक्त सांगण्याचा क्रम बदलतो.

साठ पत्रे लिहायला वेळ कुठून आणायचा, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. एका आठवड्यात साठ पत्रे लिहायला घेतली तर त्यांच्या पुन्हा पुस्तिकेतल्या नोंदीच होतील. आठवड्याला सहा लिहिली तर दहा आठवड्यांत वर्ग पुरा होतो. पत्र त्या मुलाच्या ताज्या निबंधावर असावे, म्हणजे शेवटच्या मुलालाही शिळा अभिप्राय मिळणार नाही.

या संमेलनाला माझी एक सूचना आहे. प्रत्येक सत्रात पुनर्लेखनाचा निदान एक तास वेळापत्रकात ठेवावा, अशी मागणी आपण ठरावाच्या रूपाने करावी. पत्रात सांगितलेले करून पाहायला मुलाला तास मिळाला नाही, तर उत्तम पत्रही वाचून बाजूला पडेल. आणि शुक्रवारी दुसरा निबंध पहिल्याशेजारी ठेवून पाहा. मुद्द्यांना क्रम लागलेला नसेल, तर सांगितलेली पायरी त्या मुलीसाठी उंच होती असे समजा आणि पुढच्या पत्रात ती आणखी लहान करा.