पहिल्या दिवशी एवढंच सांगतो : लपवू नका

(यवतमाळातील आमच्या सॉफ्टवेअर कार्यालयात नव्याने रुजू झालेल्या सहकाऱ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)

बसा आरामात. लॅपटॉप आणि पासवर्ड दुपारपर्यंत मिळतील. त्याआधी माझ्या पहिल्या वर्षाची एक गोष्ट ऐका. आपल्या कामाची रीत तिच्यातूनच कळेल.

आपण जिनिंगवाल्यांसाठी प्रोग्रॅम लिहितो. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या येऊ लागतात. भरलेल्या गाडीचं वजन होतं, कापूस खाली झाला की रिकाम्या गाडीचं होतं. ओलावा मोजतात आणि शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडते. सीसीआयच्या खरेदीत ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की त्या प्रमाणात भाव कमी होतो आणि १२ च्या वर माल घेतच नाहीत. म्हणजे ओलाव्याचा तो एक आकडा चुकला, तर पैसे चुकले.

एका दुपारी काट्यावरच्या ऑपरेटरचा फोन आला, "भाऊ, एका पट्टीत ९ च्या जागी ११ पडलं, दुरुस्त करून द्या." मी थेट चालू डेटाबेसवर कमांड दिली आणि घाईत `WHERE` लिहायचं विसरलो. पडद्यावर `UPDATE 143` आलं. त्या दिवशीच्या सगळ्या गाड्यांचा ओलावा ९ झाला होता.

मी घाबरलो, आणि ४० मिनिटं कोणालाच काही बोललो नाही. आपणच गुपचूप निस्तरू, असं वाटलं. तेवढ्या वेळात १७ पट्ट्या छापून शेतकरी घरीही गेले. १२ क्विंटल कापूस आणि ७,००० भाव धरा, म्हणजे ८४,००० रुपये. ज्याचा ओलावा खरं तर ८ होता त्याचे ८४० रुपये कापले गेले. ज्याचा ११ होता त्याला १,६८० रुपये जास्त गेले.

शेवटी वरिष्ठांकडे गेलो. त्यांनी "कोणी केलं?" असं नाही विचारलं. "किती वाजल्यापासून?" एवढंच विचारलं, आणि आधी पट्ट्यांची छपाई थांबवली. बॅकअप आदल्या रात्रीचा होता, त्यात त्या दिवसाच्या नोंदी कुठून असणार? ऑपरेटरकाकांनी ओलाव्याच्या हातानं लिहिलेल्या चिठ्ठ्या जपून ठेवल्या होत्या म्हणून वाचलो. त्यावरून १४३ आकडे पुन्हा भरले आणि १७ घरी फोन केले. `WHERE` विसरलो ही चूक एका क्षणाची होती. ते १७ फोन मात्र माझ्या गप्प बसण्यामुळे करावे लागले.

मोठ्या कंपन्यांतही असं होतं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबच्या एका इंजिनिअरनं चुकून दुसऱ्याच सर्व्हरवरचा डेटा पुसला. सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबी उरला. नेहमीचा बॅकअप बंद पडला होता आणि तसं सांगणारे ईमेल कोणापर्यंत पोचतच नव्हते. सुमारे सहा तासांपूर्वी हातानं घेतलेली एक प्रत कामी आली. त्यांनी सगळं जाहीर सांगितलं, पण अहवालात त्या इंजिनिअरचं नाव दिलं नाही. बॅकअप आहे एवढ्यावर विसंबू नका, तो परत भरून पाहा. म्हणून आपण दर सोमवारी दुसऱ्या मशीनवर बॅकअप भरून नोंदी मोजतो. पुढच्या सोमवारपासून ते काम तुमचं.

आता दुरुस्तीची पद्धत लिहून घ्या :

```sql
BEGIN;
UPDATE avak SET olava = 9
WHERE patti_no = 2217;
```

उत्तरात `UPDATE 1` दिसलं तरच `COMMIT;` द्या. दुसरा कोणताही आकडा आला तर `ROLLBACK;` द्या, सगळं पहिल्यासारखं होईल. मात्र `BEGIN` देऊन चहाला जाऊ नका. ती नोंद अडकून राहते आणि तिकडे काट्यावर तीच पट्टी बदलून सेव्ह करणाऱ्या माणसाचा पडदा थिजतो. गाड्यांची रांग लागते, आणि शिव्या त्याला बसतात.

त्या माणसाशी नीट बोला. तो कोडिंग शिकलेला नाही, पण कोणता आकडा खोटा वाटतो हे त्याला आपल्याआधी कळतं. "तुमच्याकडूनच काहीतरी झालं असेल" हे फोनवर कधीच म्हणायचं नाही. पट्टीचा नंबर विचारा, वेळ विचारा, लिहून ठेवा. या आठवड्यात तुम्ही प्रत्येकजण एक दिवस काट्यावर बसणार आहात. टोपी आणि पाण्याची बाटली सोबत न्या.

आणि चूक झाली, तर पाच मिनिटांच्या आत माझ्या टेबलाशी या. मी फोनवर असलो तरी खुशाल थांबवा. काय केलं, किती वाजता केलं, एवढंच सांगा. बाकीचं आपण मिळून पाहू.

चला, आधी चहा घेऊ.